बीपच्या आधीचा आवाज

बेसिलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या एका यंत्रावरून, आणि तेही त्याच्याच घरातल्या. आता यंत्रावर कुणी जळतं का? पण बेसिल जळला. पंधरा दिवस नुसता धुमसत होता बापडा.

पापडी गावात बेसिलचा ब्रास बँड होता, 'बेसिल आणि पार्टी'. लग्नाचा सीझन आला की माहीमपासून विरारपर्यंत बुकिंगचे फोन यायचे. पण सकाळी बायको, क्लेमेंटीन, शाळेत शिकवायला, बेसिल वाडीत केळींना पाणी लावायला, आणि फोन घरात एकटाच बोंबलत बसायचा. दोन चांगली लग्नं त्यापायी दुसऱ्या बँडकडे गेली. म्हणून बहारीनहून सुट्टीवर आलेल्या मामेभावानं, लुईसनं, फोनला जोडायचं ते यंत्र आणलं. चार रिंगा झाल्या की ते स्वतःच फोन उचलायचं. आत दोन कॅसेट. एकीवर आपला निरोप भरून ठेवायचा, दुसरीवर समोरच्याचं बोलणं उतरायचं. निरोप आला की लाल दिवा लुकलुकणार.

"निरोप बाईच्या आवाजात हवा," लुईस म्हणाला. "बेसिल, तू बोललास तर लोक घाबरून फोन ठेवतील." सगळे हसले. बेसिलही हसला, पण मनातून नाही.

लुईसनं क्लेमेंटीनला नीट समजावलं. घरात कुणी नाही असं कधी सांगायचं नाही, चोरांना आवतण कशाला? नाव सांगायचं, बीप वाजल्यावर काय काय बोलायचं ते सांगायचं. "आणि वहिनी, पाटी वाचल्यासारखं नको. ज्याच्याशी बोलायला आवडतं असं कुणीतरी समोर बसलंय असं समजा."

क्लेमेंटीननं कागदावर चार ओळी लिहिल्या, दोन खोडल्या. मग म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर व्हा बरं. तुमच्यासमोर जमायचं नाही." आणि दार लोटून घेतलं.

पाच मिनिटांनी लुईसनं ते ऐकवलं.

"नमस्कार. बेसिल आणि पार्टी, पापडी. तुमचा फोन आला, बरं वाटलं. आत्ता आम्हाला फोनजवळ येता येत नाहीये. बीप वाजला की तुमचं नाव, गाव, फोन नंबर आणि लग्नाची तारीख सांगा. घाई नाही, सावकाश बोला. मी ऐकतेय."

बेसिल बघतच राहिला. अरे, ही कोण? घरात ही बाई 'भात वाढू?' आणि 'गॅस संपलाय' यापलीकडे बोलत नव्हती. आणि इथे शेवटचं 'मी ऐकतेय' म्हणताना तिच्या आवाजात हसू होतं, अगदी ओठाशी आलेलं.

मग त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दार लोटून हिनं समोर कुणाला बसवलं होतं? आपल्याला? छे! आपण समोर असताना तर जमत नव्हतं. मग लुईसला? तिच्या शाळेतल्या कविता वाचणाऱ्या मास्तरला?

यंत्रानं काम मात्र चोख केलं. आठवड्यात सहा बुकिंग. ट्रॉम्बोनवाला ॲन्सेल्म तालमीत म्हणाला, "बेसिल, माझ्या मेहुण्यानं फोन केला होता. म्हणतो, वहिनी काय गोड बोलतात! तुझं नशीब बाबा, रोज ऐकायला मिळतं." बेसिलच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज ऐकायला मिळतं म्हणे!

त्यात एका दुपारी माहीमच्या एका विधुराचा निरोप. मुलीच्या लग्नाची तारीख त्यानं आधीच कळवली होती. आता म्हणत होता, "तारीख तीच आहे. काही बदल नाही. सहज फोन केला. पुन्हा ऐकावंसं वाटलं, एवढंच." क्लेमेंटीन हसली. म्हणाली, "एकटा असेल बिचारा."

"बिचारा!" बेसिल ओरडला. "उद्या पेपरमध्ये जाहिरात दे, एकट्या लोकांनी फोन करा म्हणून!"

ती भाजी चिरत राहिली.

आता लाज सोडून सांगायचं तर बेसिलनंही फोन केला. एकदा नाही, तीनदा. पोस्टाबाहेरच्या फोनवर जायचा, नाणं टाकायचा, आपल्याच घरचा नंबर फिरवायचा. 'घाई नाही, सावकाश बोला. मी ऐकतेय.' बीप वाजायचा, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. फोन ठेवून घरी यायचा तेव्हा क्लेमेंटीन म्हणायची, "कुणीतरी फोन करतो आणि बोलतच नाही. नुसता श्वास ऐकू येतो." बेसिल तोंड फिरवून शर्ट वाळत घालायला लागायचा.

शेवटी एका सकाळी ती शाळेत गेली आणि त्याचा तोल गेला. लुईसनं दाखवलं होतं तसं त्यानं बटण दाबून धरलं आणि यंत्राच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, "बेसिल बँड. बीप वाजला की नाव, नंबर, तारीख सांगा. पटपट." बटण सोडलं. जुन्यावर नवं भरलं की जुनं पुसलं जातं, हे त्याला ठाऊक होतं. तेच तर हवं होतं त्याला. गार वाटलं, खोटं कशाला बोला!

चार दिवस लाल दिवा लुकलुकत राहिला, पण निरोप एकही नाही. नुसतं खट्, खट्. लोक ऐकायचे आणि फोन ठेवायचे. चौथ्या दिवशी क्लेमेंटीननं यंत्र तपासायला म्हणून निरोप लावला, आणि खोलीत बेसिलचाच आवाज घुमला. 'पटपट.'

"माझं पुसलंस?"

"पुसलं." मग त्याच्यानं राहवलं नाही. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. "माझ्याशी कधी बोललीस अशी? दार लावून कुणाला बसवलं होतंस समोर? सांग ना! मी काय आंधळा आहे?"

क्लेमेंटीन खुर्चीत बसली.

"भायखळ्याच्या छापखान्यात कामाला असायचास तू. आपलं लग्न व्हायच्या आधी. दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करायचास, आणि मी धावत यायचे. आठवतं? तीन मिनिटांचा ट्रंक कॉल, आणि तू म्हणायचास, घाई नाही, सावकाश बोल, मी ऐकतोय."

बेसिल समोरच्या स्टुलावर टेकला.

"त्या मुलाला बसवलं होतं," ती म्हणाली. "लुईस म्हणाला, ज्याच्याशी बोलायला आवडतं असा कुणी. दुसरं कुणी सुचलंच नाही."

बेसिलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पंधरा दिवस तो ज्याच्या नावानं बोटं मोडत होता तो हा! त्यानं घाईघाईनं यंत्र तिच्यासमोर सरकवलं. बटणावर बोट ठेवलं.

"पुन्हा भर. तसंच भर, क्लेमेंटीन. मी बाहेर जातो, दार लावतो. आपला नंबर मी तीन वेळा फिरवला, पोस्टाबाहेरून. तो न बोलणारा मीच होतो."

"माहीत आहे. तुझा श्वास ओळखत नाही का मी?"

"मग भर ना."

तिनं कागद हातात घेतला. वाचायला म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"भरते," ती म्हणाली. "पण त्याच मुलाच्या तोंडचं 'पटपट' ऐकल्यावर आता समोर कुणाला बसवू?"