माजाची वेळ

साडेतीन वाजता तेजश्रीने पाण्याच्या हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, तेव्हा आज कुठला वार आहे हेही तिला पटकन आठवेना. ती लिंबागणेशच्या बाजूच्या चार वाड्यांची पशुधन पर्यवेक्षक. सकाळी दहाला अडलेली गाय सोडवायला म्हणून ती या गोठ्यात शिरली होती. वासरू आडवं होतं. ते वळवून बाहेर काढण्यात सगळा दिवस गेला होता. वासरू जगलं होतं, पण आता राहिलेल्या चार कामांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

तिने डायरी उघडली. शेवटच्या पानावर तिचे नियम होते: जीव जाणारं आधी. वेळ टळली की वाया जाणारं दुसरं. दुसऱ्याला जमेल ते दुसऱ्याला. उद्या चालेल ते उद्या. कोणाचं अडत नसेल ते सोडायचं.

चार वाजताची ऑनलाइन बैठक तिने सोडली. बंकटच्या वासराची जखम धुऊन पट्टी बांधायची होती. ते काम दवाखान्यातले परिचर उत्तरेश्वर करू शकत होते. तिने त्यांना फोन लावला.

"मामा, बंकटकडं जाता का? पट्टी बदलायची हाय."

"जातो की. पर बंकट चहा पाजत न्हाई बरं का, आधीच सांगतो."

उरल्या खालच्या वाडीतल्या शेळ्या आणि छबुबाईंची गाय. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं. ते उद्याही चाललं असतं, पण माणसं सकाळपासून शेळ्या बांधून बसली होती आणि तीनदा फोन येऊन गेला होता. गायीपुढे तिने सकाळी आठला लिहिलं होतं, 'आज सकाळपासून माज, संध्याकाळी भरवणे.' गाय सकाळी माजावर, म्हणजे फळायला तयार दिसली, तर संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी, हा हिशेब तिला पाठ होता. म्हणजे सहापर्यंत वेळ होता. आधी शेळ्या, मग गाय. सगळं नियमात बसत होतं, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. काय ते मात्र कळेना.

छबुबाईंचे मालक राधाकिशन जाऊन आज आठवा दिवस. गाय दोनदा भरवूनही गाभण राहिली नव्हती. दहावा झाला की तिला बाजार दाखवायचा, असं राधाकिशन यांचे धाकटे भाऊ हनुमान यांनी सांगून टाकलं होतं. आज माज आला म्हणून तर मुलीने घाईने फोन केला होता.

तेजश्रीने गाडी चालू करायच्या आधी त्या मुलीला, मायाला, फोन लावला.

"ताई, मला सहा वाजतील. चालेल ना?"

"चालेल की," माया म्हणाली. "आता शांत झालीय ती. काल दिवेलागणीपासून नुसती हंबरत होती. रात्रभर. आम्हाला कोणालाच झोप नाही."

तेजश्रीने गाडीला लावलेली किल्ली काढून घेतली. "कालपासून? सकाळी तुम्ही आजपासून म्हणालात."

"माज सकाळी दिसला, मागून चिकट बळस गळत होती म्हणून. रात्री आम्हाला वाटलं..." माया थांबली. "आई म्हणाली, त्यांची आठवण काढतीय. मग सगळेच तिच्याजवळ जाऊन बसलो. काकासुद्धा."

गोठ्याकडे रोज नजर असायची ती एका माणसाची, राधाकिशनची. तो असता, तर हंबरणं ही माजाची खूण ओळखून त्याने काल संध्याकाळीच फोन केला असता आणि आज सकाळी गाय भरली गेली असती. डायरीतली वेळ खरी होती. ती माज दिसल्याची होती, सुरू झाल्याची नव्हती.

तिने शेळ्यांच्या वाडीला फोन केला.

"उद्या सकाळी सातला येते. आज सोडून द्या चरायला."

"आवो बाई, सकाळधरनं बांधून ठिवल्यात!"

"चुकलं माझं. उद्या सात."

सव्वाचारला ती छबुबाईंच्या दारात पोचली. बळस घट्ट झाली होती, गाय माजातून उतरत होती. तेजश्रीने डब्यातून गोठवलेल्या रेताची नळी काढली, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली आणि काम उरकलं. हनुमान खांबाला टेकून उभे होते.

"राहील का?"

"उशीर झालाय. सकाळी यायला हवं होतं. पण वेळ अगदीच गेलेली नाही."

"म्हंजी सांगता येत न्हाई."

"नाही. एकवीस दिवस थांबा. परत माजावर आली नाही तर आशा धरायची. मग अडीच-तीन महिन्यांनी तपासते."

छबुबाई गायीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग बाई, ती मालकासाठी न्हवती का वरडत?"

तेजश्रीने हातमोजा उलटा करून काढला. सगळ्या खुणा माजाच्या होत्या. पण गायीच्या मनात दुसरं काही नव्हतंच, असं तिने तरी कुठल्या बळावर म्हणावं?

"मला नाही सांगता येणार, मावशी."

छबुबाईंनी मान हलवली. थोड्या वेळाने हनुमान मायाला म्हणाले, "एकवीस दिस कधी होतेत ते भिंतीवर लिहून ठिव. तवर बाजाराचं कोणी काढू नका."

मायाने कोळसा घेतला आणि बोटांवर दिवस मोजायला लागली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तेजश्रीने तिच्याबरोबर मोजलं.