आईचा जबाब

थोरल्याचं डोकं तापलं की हाताला डोळे राहत नसत. वेल्डिंगच्या दुकानाच्या वाटणीवरून धाकट्याशी जुंपली, हाती लोखंडी पाइप होता आणि धाकट्याचं मनगट मोडलं. पाहणारी एकटी आई. संध्याकाळी धाकट्याने तक्रार दिली, तेव्हा थोरल्याला पहिल्यांदा भीती वाटली. आपल्या लहान पोरीसमोर पोलीस धरून नेतील, एवढंच त्याला दिसत होतं.

वकीलबाईंनी कागद वाचून चष्मा काढला.

"जखम मोठी, त्यात हत्यार. हा गुन्हा अजामीनपात्र. ठाण्यातच जामीन मिळेल असं नाही."

"मग सुटायचं कसं?"

"सुटत नाही कुणी. आपण अटकेआधीच सेशन कोर्टात अर्ज करायचा. मंजूर झाला, तर अटक झाली तरी जामिनावर सोडावं लागतं. खटला मात्र चालतोच."

अर्ज दाखल झाला. पोलिसांचं म्हणणं येईपर्यंत कोर्टाने पंधरा दिवसांचं तात्पुरतं संरक्षण दिलं. सोबत अटी : चौकशीला बोलावलं की हजर व्हायचं, फिर्यादी किंवा साक्षीदारांशी संपर्क नाही.

"साक्षीदार म्हणजे आई," वकीलबाईंनी बजावलं. "तिला भेटायचंच असेल तर कोर्टाची परवानगी मागू. तोवर फोनसुद्धा नको."

"आईला भेटायला कसली आलीय परवानगी?" तो हसला. बाई हसल्या नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी आई दुकानाच्या दारात उभी. तिचे गुडघे दुखरे, ती एकटी येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. थोरल्याला कळलं नाही. त्याला फक्त आई दिसली.

"पोलिसांनी उद्या बोलावलंय रे. म्हणू का, मी काही पाहिलंच नाही?"

नऊ दिवस त्याने दाबून धरलेली भीती एका दमात बाहेर आली.

"तसंच म्हण, आई. तो स्वतःच पडला, म्हण."

भिंतीआडून धाकटा पुढे आला. हाताला प्लास्टर होतं.

"मिटवायला आणलं होतं हिला," तो म्हणाला. "दादा, तू माफी मागितली असतीस, तर मी कोर्टात माझी हरकत नाही म्हणणार होतो."

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि धाकट्याचा हात प्लास्टरमध्ये आहे हे विसरून तोच धरायला गेली. तो कळवळला.

सुनावणीला सरकारी वकिलाने धाकट्याचा नवा जबाब वाचला : साक्षीदाराला खोटं बोलायला शिकवलं. न्यायाधीशांनी आईचा जबाबही पाहिला. तिने पाइप पाहिल्याचं खरंच सांगितलं होतं, आणि थोरल्याने काय शिकवलं तेही. अर्ज फेटाळला गेला, संरक्षण उठलं.

"हायकोर्ट आहे अजून," वकीलबाई पुटपुटल्या, "पण तोवर..."

पायऱ्यांखाली पोलीस उभे होते. पोर शाळेत होती, एवढंच बरं झालं. खालच्या बाकावर आई बसली होती. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं, तिने मान फिरवली नाही.

"खोटं बोलणं मला कधी जमलंच नाही रे," ती म्हणाली.