मुद्दा नववा

जयसिंग शितोळेंचा ईमेल वाचताना समोर ते स्वतः बसून ओरडतायत असंच वाटायचं. मोठ्या अक्षरांत विषय, त्याखाली ठळक अक्षरांत पहिली ओळ: ‘मागच्या दोन एजन्सींनी आमचा वेळ फुकट घालवला. तुम्ही घालवू नका.’ नमस्कार नाही, चमत्कार नाही!

कुरुळीत पत्र्याच्या शेडमध्ये मंजुषाचं वर्कशॉप होतं. मशीनचं कंट्रोल पॅनेल बांधायचं, त्यात प्रोग्रॅम भरायचा आणि कंपनीत जाऊन ते चालू करून द्यायचं, हे तिचं काम. सोबत प्रितम. तो मूळचा लातूरकडचा, आणि वर्कशॉपमधला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

“ताई, ह्यो माणूस कामून एवढा तापलाय? आपण अजून काही केलंबी न्हाई की!”

“म्हणूनच तापलाय. वाच पुढे.”

शितोळे हे चाकणजवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्याचे प्लांट मॅनेजर. ईमेल इंग्रजीत होता, पण मुद्दे तसे बरोबर होते. पॅकिंग लाइनचा कंट्रोलर जुना झालाय, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, तो बदला. टच स्क्रीन मराठीत हवी. वजनात कमी भरलेले पुडे किती बाद झाले ते शिफ्टप्रमाणे दिसावं. मशीन का थांबलं ते वेळेसकट नोंदलं जावं. प्रोग्रॅमची मूळ प्रत आमच्या ताब्यात द्या, कुलूप लावून पळू नका. काम दिवाळीच्या सुट्टीतच, कारण एरवी लाइन बंद ठेवणार नाही. असं सगळं मंजुषाला पटत होतं. माणूस उर्मट आहे, पण अडाणी नाही, असंही ती म्हणाली.

मग नववा मुद्दा आला. ‘केस पॅकरच्या दाराचा अलार्म पासवर्ड टाकून बंद करता यावा.’

केस पॅकर म्हणजे बिस्किटांचे पुडे ढकलून खोक्यात भरणारं मशीन. आत लोखंडी हात मागेपुढे होतो. म्हणून बाहेरून पारदर्शक दार असतं, आणि दार उघडलं की मशीन थांबलं पाहिजे.

मंजुषाने उत्तर लिहिलं, ईमेलमधल्या सगळ्यांना ठेवून: ‘मुद्दा ९ स्पष्ट करावा. फक्त भोंगा बंद करायचा आहे, की दार उघडं असताना मशीन चालू ठेवायचं आहे?’ सगळ्यांत डायरेक्टर दिव्या मॅडमही होत्या.

पुढच्या क्षणाला फोन!

“मॅडम, हे रिप्लाय-ऑल तुम्हाला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच सगळ्यांना ठेवून पाठवलंय ना, साहेब.”

“मी पाठवतो तेव्हा मला काय करायचंय ते कळतं. नववा मुद्दा समजून घ्यायचा असतो. लिहून विचारायचा नसतो. किती वर्षं झाली धंद्यात?”

“पुरेशी झाली. तुम्ही लिहून द्या, मी करते की नाही ते लिहून सांगते.”

“लिहून बिहून काही मिळणार नाही. या, लाइनवर येऊन बघा. आत्ता जसं चालतंय, तसंच नव्यात चाललं पाहिजे. एवढं कळलं तर पुरे.” आणि फोन कट.

ती प्रितमला घेऊन बघायला गेली. गेटवर सिक्युरिटीवाल्याने दोघांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला आणि वर बोटाने दाबून पाहिला, जणू तो चिकटला नाही तर बिस्किटाची रेसिपी पळून जाणार होती! आत भाजलेल्या पिठाचा गोड वास, आणि लाइनच्या शेवटी केस पॅकर. त्यावर स्वप्नाली होती. निघोज्याची, डोक्यावर जाळीची टोपी, हातमोज्यांच्या बोटांना भोकं.

एका खोक्याची झडप वाकडी झाली, पुडे अडकले. स्वप्नालीने दार उघडलं, आत हात घातला, खोकं ओढलं. आणि लोखंडी हात चालूच! तिच्या मनगटाच्या शेजारून सटकन पुढे, सटकन मागे. तिने इतक्या सवयीने हात काढला की प्रितमच ओरडला, “अगं बाई!”

“काय झालं?” स्वप्नाली हसली. “रोजचंच हाय.”

“थांबत नाही का मशीन?” मंजुषाने विचारलं.

“थांबलं तर मंग झालंच! परत चालू करताना त्याला कायबी आठवत न्हाई, कुठवर आलं व्हतं ते. सगळं रिकामं करायचं, हाताने फिरवून जागेवर आणायचं. तवर मागं पुड्यांचा डोंगर. साहेब येतात, मग हाय आपली पूजा.”

मंजुषा गुडघ्यावर बसली. दाराला एक धातूची जीभ असते. दार लागलं की ती चौकटीवरच्या स्विचमध्ये शिरते, उघडलं की बाहेर येते, आणि त्यावरून मशीनला कळतं. इथे दाराची जीभ स्क्रू काढून कायमची स्विचमध्ये खोचून ठेवलेली होती. मशीनच्या दृष्टीने दार कधी उघडतच नव्हतं.

मागून शितोळेंचा आवाज आला. “मॅडम, तुम्ही पॅनेल बघायला आलात, दार नाही.”

“ही जीभ कुणी खोचली?”

“कुठली जीभ?”

“साहेब, गेटवर बोर्ड वाचला मी, पुढे मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आहे ना? ऑडिटर ही जीभ बघेल. म्हणून तुम्हाला ती प्रोग्रॅमच्या आत हवीय. पासवर्डमागे. तिथे कुणी गुडघ्यावर बसून बघत नाही.”

शितोळे जवळ आले. आवाज बारीक केला, पण गोड नाही. “या पट्ट्यात प्रोग्रॅम करणारे रस्त्याला रस्त्याला भेटतात. तुम्ही नाही केलं तर दुसरा हसत करेल. आणि जेवायला पण घालेल.”

“दिव्या मॅडमना सांगू का मी?”

“सांगा ना! फोटो आहे?” त्यांनी तिच्या मोबाइलवरच्या स्टिकरकडे बोट दाखवलं.

परत येताना प्रितम गाडीत गप्प बसेचना. “सोडून द्या ताई हे काम. लई घाण माणूस हाय.”

“सोडलं तर दुसरा येईल आणि खरंच हसत करेल. मग ती जीभही दिसणार नाही कुणाला. आणि त्या पोरीचा हात?”

प्रितमला ते मनगट आठवत असावं.

मंजुषाने काम घेतलं आणि ईमेल पाठवला, पुन्हा सगळ्यांना: ‘मुद्दा ९ स्पष्ट झालेला नाही, म्हणून तो वगळून काम करत आहोत. दार उघडल्यावर मशीन थांबेल. हे थांबणं प्रोग्रॅमवर अवलंबून नसेल. हरकत असल्यास कळवावे.’

शितोळेंनी उत्तर दिलं नाही. लिहून देणं म्हणजे आपलीच मान आपणच पुढे करणं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि दिवाळी तोंडावर असताना दुसरी एजन्सी शोधायलाही वेळ नव्हता. पण फोन मात्र रोज. “दार होतंय ना?” “नाही.” “बघतो तुमच्याकडे.” “बघा.” त्यांच्या बोलण्यात एवढीच प्रगती होत होती.

दिवाळीत सगळी एमआयडीसी कशी ओस पडते! चहाच्या टपऱ्यासुद्धा बंद. मंजुषा आणि प्रितम घरून आणलेल्या चकल्या खात, बंद कारखान्यात वायरी ओढत होते. जुना कंट्रोलर निघाला, नवा बसला. दाराला नव्या प्रकारचा स्विच बसवला. तो फक्त स्वतःच्याच जोडीला ओळखतो, दुसरं काही खोचून फसत नाही. त्याच्या दोन वायरी थेट सुरक्षा रिलेला गेल्या. दार उघडलं की रिले मोटारीची वीज आणि हवेचा दाब दोन्ही तोडणार. प्रोग्रॅमला विचारायचं कामच नाही.

पण मंजुषाची खरी मेहनत वेगळीकडे होती. स्वप्नालीचं वाक्य तिच्या डोक्यात बसलं होतं, की थांबलं की त्याला काही आठवत नाही. तिने लोखंडी हाताची जागा मोजणारा भाग असा घेतला, की मोटार बंद झाली तरी तो जागा विसरत नाही. दार लावलं, बाहेरचं निळं बटण दाबलं, हिरवं दाबलं, की मशीन होतं तिथूनच पुढे.

सुट्टी संपली. पहिल्या शिफ्टला शितोळे स्वतः लाइनवर उभे. मागे पाच-सहा सुपरवायझर. झडप वाकडी झाली, स्वप्नालीने दार उघडलं. मशीन गप्प.

“हे काय आहे?” शितोळे गरजले.

“दार उघडंय,” मंजुषा म्हणाली.

“मी सांगितलं होतं, जसं होतं तसं!”

“तसं काय होतं, ते लिहून द्यायला सांगितलं होतं.”

“पासवर्ड द्या. आत्ता.”

“पासवर्डच नाहीये त्याला.”

“तुम्ही या कामाच्या लायकीच्याच नाही! बायकांना कामं देऊन...” त्यांनी पुढचं गिळलं, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. सुपरवायझर बुटांकडे बघायला लागले. प्रितम पुढे सरकला, मंजुषाने त्याचा शर्ट मागून धरला.

“लिहा,” ती म्हणाली. “काम पूर्ण नाही म्हणून लिहा. काय पूर्ण नाही, तेही लिहा. सगळ्यांना लिहा. नाहीतर काम स्वीकारल्याची सही करा.”

शितोळे तरातरा केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं. खुर्चीत नीट न बसताच ते की-बोर्ड बडवत होते. त्यांचा धीर तिथे संपला. इतके दिवस जे फोनवर ठेवलं, ते एका दमात बाहेर पडलं. मंजुषाच्या मोबाइलवर ईमेल आला:

‘एजन्सीने नववा मुद्दा पाळलेला नाही. आधी दार उघडं असतानाही केस पॅकर चालू राहायचा आणि उत्पादन थांबत नव्हतं. आता दार उघडताच मशीन थांबतं. हा गंभीर दोष आहे. पूर्वीसारखं करून मिळेपर्यंत सही करणार नाही.’

तो गेला होता या सगळ्यांना: दिव्या मॅडम. खरेदी विभाग. आणि जास्त जोर यावा म्हणून त्यांनी स्वतःच जोडलेले मुख्य कार्यालयातले सुरक्षा अधिकारीसुद्धा.

प्रितमने वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. “ताई! ह्यांनी स्वतःच...”

“गप्प बस. हसू नकोस इथे.”

दिव्या मॅडमचं उत्तर लांबलचक नव्हतं. ‘दार उघडं असताना मशीन चालत होतं, म्हणजे काय? किती दिवस? जयसिंग, माझ्याकडे या. नवीन मशीनच्या दाराला कुणीही हात लावायचा नाही.’

शितोळे केबिनमधून आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता, पण ताठा गेला नव्हता. त्यांनी सहीचा कागद मंजुषासमोर आपटला. सही होती, कागद फाटेल इतकी दाबून केलेली.

“तुम्ही मला मुद्दाम लिहायला लावलं.”

“हो,” मंजुषा म्हणाली.

“या गेटमधून पुन्हा आत यायचं नाही. मी असेपर्यंत तर नाहीच. आणि आजूबाजूच्या सगळ्या प्लांटना सांगणार आहे मी, की तुम्हाला बोलवू नका.”

“सांगा. का, तेही सांगा.”

ते वळून गेले. कुणी त्यांच्या वाटेत उभं राहिलं नाही. मंजुषाने लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली. शेजारच्या तीन प्लांटची कामं तिच्याकडे बोलणीत होती, आणि ती आता येतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

केस पॅकरवर पुन्हा खोकं अडकलं. स्वप्नालीने दार उघडलं. सवयीने तिचा हात घाईघाईने आत गेला आणि मध्येच थांबला. मशीन उभं होतं. तिने सावकाश, दोन्ही हातांनी, वाकडं खोकं बाहेर काढलं. मग दार लावलं, निळं दाबलं, हिरवं दाबलं. मागे पुड्यांचा डोंगर झालाच नव्हता.

“व्हय की ओ,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुढच्या खोक्याकडे वळली.