पुलाच्या टोकाची फट

उन्हाळ्यातल्या पहिल्या कडक दुपारी पुलाच्या टोकाची भिंत तडकली आणि माझं डोकंच फिरलं. पुलाची देखभाल माझ्याकडे. पोलादी पूल दिवसा उन्हात लांबतो आणि रात्री गार झाला की आखडतो, म्हणून टोकाला दोन बोटांची फट मोकळी सोडलेली असते. ती कोणीतरी सिमेंटने गच्च भरली होती. वाढायला जागा न उरल्यामुळे पुलाने भिंतीलाच रेटलं होतं.

पहिला संशय ठेकेदारावर, मग वॉचमनवर. दोघांनाही फैलावर घेतलं. दोघंही शपथा घ्यायला लागले. शपथा काय, चोरही घेतात! शेवटी खाली वाकून बघितलं, तर सिमेंटची कड अंगठ्याने गोल केलेली. अगदी तशीच कड माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला आहे. तो ओटा बांधला माझ्या सासऱ्यांनी. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, राहतो पुलाला लागूनच.

मी तडक त्यांचं घर गाठलं. "मामा, ती फट तुम्ही भरलीत?"

"भरली की," ते शांतपणे म्हणाले. "प्रत्येक गाडी तिच्यावर धाडकन आदळायची. डोळ्याला डोळा लागत नव्हता."

"अहो, पण पूल उन्हात वाढतो! त्याने जायचं कुठे?"

"ते मला काय ठाऊक? मी तर ऐन थंडीत भरली." सासऱ्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "पण जावईबापू, तुम्ही ती फट दर आठवड्याला मोजता ना?"