ताडून पाहिलेली प्रत

आत्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं, पण त्याबद्दल तिला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. उलट पगार मिळाला. छत्तीस वर्षं ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. काना, मात्रा, वेलांटी, काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी तिच्या सख्ख्या भाच्यानं तिच्यावर दावा लावला होता, की घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या कर.

भाचा म्हणजे चिमण. अडीच वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून आत्यानंच त्याला वाढवलं. आता तो बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ होता, पण तिच्या तोंडी चिमणच. दाव्यात त्यानं लिहिलं होतं की ही बाई पाहुणी म्हणून राहते, तिचा घरावर हक्क नाही.

हक्क होता. घर आत्यानं आणि तिच्या भावानं, म्हणजे चिमणच्या वडिलांनी, मिळून घेतलं होतं, आणि मागच्या खोल्या तिच्या, हे तोंडी कधीच ठरलेलं होतं. विसर पडू नये म्हणून भावानं अठरा वर्षांपूर्वी ते कागदावर उतरवलं. दोघांनी सह्या केल्या, शेजारच्या मास्तरांनी साक्ष घातली. मूळ कागद भावानं आपल्या कपाटात ठेवला आणि तिला झेरॉक्स दिली. आता भाऊ नव्हता, मास्तरही नव्हते.

"मावशी, ही तर झेरॉक्स," वकीलबाई म्हणाल्या. त्या चाळिशीच्या होत्या. टेबलावर फायलींची चळत आणि तिच्यावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. "मूळ कुठंय?"

"दादाच्या कपाटात. म्हणजे आता चिमणच्या."

"कोर्टाला आधी मूळच लागतं. झेरॉक्स घेतात, नाही असं नाही, पण मूळ का आणता येत नाही ते आधी दाखवावं लागतं. एक तर ते हरवलं, नष्ट झालं, शोधूनही सापडत नाही. नाहीतर ते समोरच्याच्या ताब्यात आहे, आपण नोटीस देऊन मागितलं आणि तो देत नाही. तुमच्या आधीच्या वकिलांनी मसुद्यात पहिलंच लिहून ठेवलंय. घरात पाणी शिरलं, कागद भिजून गेला."

"माझ्याकडे मूळ कधी नव्हतंच. जे नव्हतं ते भिजेल कसं?"

"म्हणजे खोटं बोलणार नाही."

"खोटं बोलले असते तर कुठल्या कुठे गेले असते हो," आत्या म्हणाली. "छापखान्यात कशाला राहिले असते?"

वकीलबाई हसल्या आणि मसुद्यावर आडवी रेघ मारली. "मग दुसरा रस्ता. तो खरा आहे म्हणून धरू, शिवाय मजबूतही आहे."

नोटीस गेली. मूळ कागद कोर्टात हजर करा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: असा कोणताही कागद अस्तित्वात नाही. 'अस्तित्वात' या शब्दात एक त कमी होता. आत्यानं तो सवयीनं पेन्सिलीनं घातला आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण कशाचं शुद्धलेखन करतो आहोत. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"आता एकच मुद्दा राहिला," वकीलबाई म्हणाल्या. "ही प्रत त्या मूळ कागदाचीच आहे, हे सांगणारं कुणीतरी हवं. झेरॉक्सवाल्याचं दुकान तर बंद झालं."

"मी सांगेन. मी मुळाशी ताडून पाहिली होती. ओळ न ओळ."

"एकटीनं?"

आत्यानं पदराची कड बोटाला गुंडाळली. "मी होते, तेवढं पुरे नाही का?"

वकीलबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, पण पुढं खोदलं नाही.

चिमणची साक्ष आधी झाली. असा कागद मी पाहिला नाही, असं तो खाली बघून म्हणाला. मग आत्याची पाळी आली. पिंजऱ्याच्या कठड्याचा रंग हातांनी घासून घासून गेला होता. तिनं शपथ घेतली. झेरॉक्स पुढं येताच चिमणचे वकील उठले.

"हरकत आहे. झेरॉक्स म्हणजे सावली. वरचं कुठलं, खालचं कुठलं, कापून चिकटवून काहीही करता येतं."

न्यायाधीशबाईंनी नोटीस पाहिली, तिचं उत्तर पाहिलं, आणि आत्याकडे वळल्या. "ही मूळ कागदाचीच नक्कल आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"दादानं मूळ कागद दुकानात नेला, मी बरोबर होते. माझ्यासमोर प्रत निघाली. घरी येऊन आम्ही ती ताडून पाहिली. छापखान्यात आमची रीत असायची, एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट फिरवायचं. प्रतीवर माझं बोट होतं."

"आणि मूळ कोण वाचत होतं?"

हेच सांगायला लागू नये म्हणून ती महिनाभर देवाला विनवत होती. नाव घेतलं की पोरगा साऱ्यांदेखत खोटा ठरणार. पण शपथ घेतली होती, आणि प्रश्न सरळ होता.

"माझा भाचा," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "विसरला असेल तो. अठरा वर्षं झाली. तेव्हा त्याची नवी नोकरी होती, डोक्याला शंभर व्याप."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या, पण हळू आवाजात.

मग त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. मूळ कागद वादीच्या ताब्यात असल्याचं प्रथमदर्शनी दिसतं. रीतसर नोटीस देऊनही तो हजर केलेला नाही. प्रत मुळावरून काढून मुळाशी ताडल्याचं साक्षीदारानं शपथेवर सांगितलं आहे. सबब ही झेरॉक्स दुय्यम पुरावा म्हणून दाखल करून घ्यावी. "पण दाखल झाली म्हणजे त्यातला मजकूर सिद्ध झाला असं नाही," त्या पुढे म्हणाल्या. "सह्या खऱ्या का, मजकुराला वजन किती, ते शेवटी ठरेल."

चिमणचे वकील उलटतपासणीला उठले, तोच चिमणनं मागून त्यांचा डगला धरला. दोघांची कुजबुज झाली. वकिलांनी पुढची तारीख मागितली.

पुढच्या तारखेला चिमण आला तो प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना लिफाफा घेऊन. निळ्या शाईतला कागद. भावाची सही, तिची सही, मास्तरांची तिरकी सही.

"मूळच आलं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मग आता नकलेवर विसंबायचं कारण उरलं नाही. आधी खोटं का बोललात?"

"चुकलो," चिमण म्हणाला.

तडजोड झाली. मागच्या खोल्या आत्याच्या, हे दोन्ही बाजूंनी लिहून दिलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर दोघं बसले. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

"पूर्ण घर घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं," चिमण म्हणाला. "अर्धं नको म्हणत होतं."

"मग मला विचारायचंस की रे."

"म्हणूनच नाही विचारलं." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू हो म्हणाली असतीस, आत्या. तू हो म्हणशील हे मला माहीत होतं. तोंडावर मागायची लाज वाटली. कोर्टात भांडणं त्याहून सोपं वाटलं."

आत्याला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याच्या कानाजवळ पांढरे झालेले केस तिनं आजवर पाहिले नव्हते, आणि ते पाहून तिचा राग तिथंच विरला.

"हो म्हणाले असते की नाही, ते मलाही माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण विचारायला आला असतास, तर बसून बोललो असतो." ती मधली जागा भरून काढत त्याच्याकडे सरकली. "पुढल्या वेळी विचार."

चिमणनं मान डोलावली. समोरून वकीलबाई दुसऱ्या खटल्याची फाईल काखेत मारून लगबगीनं जात होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, थांबायचं मनात आणलं, आणि मग न थांबताच निघून गेल्या.