बासष्ट टक्के

माझ्या फोनच्या पहिल्याच पानावर एक निळा चौकोन आहे. त्यात एक आकडा. थळला आमच्या घराच्या गच्चीवर पाचशे लिटरची टाकी आहे, तिच्यात किती टक्के पाणी आहे ते तो आकडा सांगतो. पनवेलमध्ये बसून मला थळच्या पाण्याशी काय करायचंय, असं कुणी विचारलं तर खरं सांगायला लाज वाटते. आई गेल्याला दोन वर्षं झाली. घरात दादा एकटे. वडिलांना आम्ही दादाच म्हणतो. सकाळी सहाला आकडा चार-पाच टक्क्यांनी उतरला की दादांची आंघोळ झाली. संध्याकाळी उतरला की झाडांना पाणी घातलं. म्हणजे माणूस जागेवर आहे. मग फोन करायची गरज नाही.

फोनवर आमचं जमतच नव्हतं. जेवलीस का, जेवले, तुम्ही जेवलात का, जेवलो. त्यानंतर जी शांतता पडायची तिच्यात आईची जागा रिकामी दिसायची, आणि दोघांनाही ती बघवत नव्हती. मी ॲप बनवते, माझा धंदाच तो. तेव्हा टाकीला सेन्सर लावला आणि मोटर वेळेवर चालू करायला बरं म्हणून दादांना थाप मारली. त्यांनी मान हलवली. सबंध आयुष्य कारखान्यात टाक्यांची लेव्हल वहीत लिहिण्यात गेलेला माणूस तो, त्यांना मी सेन्सर समजावत होते!

तो चौकोन, म्हणजे विजेट, मी ग्लान्स नावाच्या अँड्रॉइडच्या साधनात लिहिलं. काम तसं सोपं. सेन्सर दर पाच मिनिटांनी सर्व्हरला आकडा पाठवतो. फोनमध्ये एक वर्कर, म्हणजे पडद्यामागे चालणारा छोटा प्रोग्रॅम, दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, आकडा आणतो, फोनमध्ये साठवतो आणि विजेटला म्हणतो, आता नव्याने काढ. पंधरापेक्षा कमी मिनिटं अँड्रॉइड देतच नाही, आणि फोन झोपलेला असला तर पंधराची चाळीसही होतात. पहिल्या आठवड्यात मी आकडा साठवत होते पण विजेटला कळवायलाच विसरले होते, त्यामुळे चौकोन जुनाच आकडा धरून बसला. शेण मीच खाल्लेलं, दुसऱ्याला कुठे शिव्या देणार?

एका सकाळी नऊ वाजले तरी आकडा हलला नाही. फोन केला. दादांना कणकण होती, ते उशिरा उठले होते एवढंच. मी सहज केला फोन असं दाखवलं आणि दोन मिनिटांत ठेवला. त्यानंतर फोनची नवी सिस्टीम आली, तिची बॅटरी वाचवायची खोड अशी की माझ्या वर्करला ती जागाच होऊ देईना. तीन वेळा आकडा अडकला, तीन वेळा मी घाबरले, तीन वेळा दोष फोनचा निघाला. ॲपला बॅटरीच्या बंधनातून सोडवलं तेव्हा कुठे गाडी सुरळीत झाली. आणि मी फोन करणं जवळजवळ बंदच केलं.

मंगळवारी सकाळी चौकोनात बासष्ट होते. दुपारी बासष्ट. संध्याकाळी बासष्ट.

आला परत तोच घोळ, असं म्हणत मी लॅपटॉप उघडला. खरंच सांगते, दादांचा विचार दुसरा आला, पहिला विचार वर्करचा. वर्कर रांगेत होता, धावतही होता. मी हाताने एकदा चालवून पाहिला. बासष्ट. आकड्याखाली वेळ येत होती, ती ताजी होती, पण ती वेळ मीच घातलेली, विजेट काढलं त्या क्षणाची. टाकीत आकडा कधी मोजला ते तिच्यावरून कळत नव्हतं. म्हणजे सर्व्हरच शिळा आकडा वाढत असेल, असं ठरवून मी चिडून झोपले.

बुधवारी सकाळीही बासष्ट. विजेट आकडा बदलून दाखवतं तरी का, ते बघायला मी साठवणीत मुद्दाम एक्केचाळीस लिहिले आणि त्याला नव्याने काढायला सांगितलं. चौकोनात एक्केचाळीस आले. आणि काय सांगू, मला इतकं हायसं वाटलं! जणू दादांनी आंघोळ केली, कपडे धुतले, झाडांना पाणी घातलं. मी चहा करून आणला, फोन टेबलावर समोर ठेवला आणि त्या एक्केचाळिसाकडे बघत बसले. तो आकडा मीच लिहिलेला होता हे मला ठाऊक होतं. तरी बरं वाटत होतं. दोन दिवसांत मला आलेली तेवढीच चांगली बातमी.

थोड्या वेळाने वर्कर आला आणि त्याने तिथे परत बासष्ट लिहिले.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. आकड्याखालची वेळ बदलली. विजेट कधी काढलं ते नको, सेन्सरने पाणी कधी मोजलं ते दाखव. नवं ॲप फोनमध्ये टाकलं. चौकोनात आलं: बासष्ट टक्के, तीन मिनिटांपूर्वी.

काहीच बिघडलेलं नव्हतं. वर्कर ठीक, सर्व्हर ठीक, विजेट ठीक. टाकीतलं पाणी दोन दिवस खरंच कुणी वापरलं नव्हतं. आणि मी दोन दिवस कोड तपासत बसले होते.

दादांचा नंबर लावताना वाटेतली सगळी गावं डोळ्यांपुढे आली, पेण, वडखळ, अलिबाग, किती वेळ लागेल, शेजारच्या ठमाबाईंचा नंबर आपल्याकडे आहे का. नव्हता. दोन वर्षांत तो घ्यायचंही सुचलं नव्हतं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"बोल," दादा म्हणाले.

मी विचारलं ते काय, तर पाण्याचं. दादा, पाणी वापरलं नाहीत का?

त्यांनी शांतपणे सांगितलं की सोमवारी रात्रीच टाकीखालचा व्हॉल्व बंद केला. मोटरही लावली नाही. आंघोळीला ठमाबाईंच्या विहिरीचं पाणी शेंदून आणत होते. वयाच्या बाहत्तराव्या वर्षी! मी संतापले. अंगणात घसरून पडला असतात म्हणजे, असं कायकाय बडबडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कणकण आली तेव्हा आंघोळ उशिरा झाली," ते म्हणाले, "त्याच दिवशी तुझा फोन आला. एरवी न्हाय. तेव्हाच समजलो, तू टाकी बघतेस. म्हटलं, पाणी हललं न्हाय तर पोरगी फोन करंल."

मी लॅपटॉप मिटला.

"मंगळवारी फोन मांडीवर घेऊन बसलो होतो," ते म्हणाले. "आमच्याकडं कारखान्यात लेव्हल हलली न्हाय तर आम्ही मीटरच्या काचंवर टिचक्या मारत बसत नव्हतो, रचना. टाकीपाशी जायचो."

मला रडू कोसळलं. मी चुकले म्हणाले. मला इथे कुणी नाही दादा, म्हणाले, मीही दिवसभर तो आकडाच बघत असते. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. दादा म्हणाले, थांब, व्हॉल्व उघडतो.

चपलांचा आवाज आला, मग जिन्यावर त्यांचा दम लागल्याचा. खाली येऊन त्यांनी नळ सोडला. बादलीत पाणी पडताना मी फोनवर ऐकत होते. चौकोनात अजून बासष्टच होते, ते उतरायला पंधरा मिनिटं तरी लागणार होती. मी फोन ठेवला नाही. त्यांनी विचारलं, जेवलीस का, आणि मी म्हटलं, नाही.