अजून न जमलेली रजा

चष्म्याची भिंगं तपासणाऱ्या त्या बाईला काचेवरचा केसाएवढा ओरखडा लांबून दिसायचा, पण स्वतःची रजा किती उरली आहे ते बघायला तिने कधी डोळे उघडले नव्हते. सर्दी झाली, घे रजा. पाहुणे आले, घे रजा. आता आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, आणि शिल्लक उरले होते दोनच दिवस. आईला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"आगाऊ रजा मिळते," हजेरी बघणाऱ्या बाई म्हणाल्या. "पुढे जमणारी रजा आधीच वापरायची, मग महिन्याला दोन दोन अशी फेडायची. पण तुमचा करार पुढच्या महिनाअखेरीला संपतोय ना? तोपर्यंत जमतील त्या चारच. जास्त हवी तर मुदतवाढ होणार असं साहेबांकडून लिहून आणा."

मुदतवाढीचा विषय ती गेले कित्येक दिवस टाळत होती. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? शिवाय साहेबांचं नावच मुळी 'बघूया' पडलेलं. मूल झालं तरी हा माणूस बारशाला "बघूया" म्हणेल, असं सगळे म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्या दारात दोनदा जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

तिचं ऐकून साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आज नका विचारू."

"का साहेब?"

"करारावर तुम्ही तिघी. मुदतवाढ दोघींनाच. वरून तिसरी जागा सुटेल, अशी आशा आहे मला. आज विचारलंत, तर मला आजच्या हिशेबाने लिहावं लागेल. त्या दोघी तुमच्याआधी लागल्यात." "त्या चार घ्या. बाकीचं बघूया."

तिने बोटांवर मोजलं. चार आणि दोन, म्हणजे सहा दिवस. ऑपरेशन करार संपायच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर मुदतवाढ मिळालीच, तर दुसऱ्या दिवशी कामावर हजर. आणि आई? भिंतीला धरून एकटी संडासापर्यंत जाणार?

"आजच्याच हिशेबाने लिहा साहेब," ती म्हणाली.

त्यांनी फार वेळ लावला. शेवटी लिहिलं: मुदतवाढ प्रस्तावित नाही. आगाऊ रजा चार दिवस, मंजूर.

जिन्यात ती एका पायरीवर बसली. मग फोन लावला.

"मिळाली का गं रजा?" आईने विचारलं. "किती दिवसांची? उगाच साहेबांच्या मागे लागू नकोस हो, नोकरी सांभाळ."

"मिळाली," ती म्हणाली. "तू चालायला लागेपर्यंतची."

"एवढी? देवमाणूस आहे गं तुझा साहेब."

"हो," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरला.